बारावी वस्तू कुठली?

दिवाळीला महिना उरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फराळाच्या पेट्या फिरायला लागतात. विकणारे कोथरूडचे असोत की विमाननगरचे, मजकूर एकाच साच्यातून काढल्यासारखा असतो. नमुन्यादाखल असा एक समोर ठेवू.

«दीपोत्सव महाहॅम्पर! साजूक तुपातला शाही घरगुती फराळ, सुगंधी उटणं, मनमोहक पणत्या आणि बरंच काही! १२ वस्तूंची, २ किलोंहून जास्त वजनाची भरगच्च पेटी. दिवाळी, भाऊबीज, लग्न, गृहप्रवेश, ऑफिस – प्रत्येक प्रसंगासाठी परिपूर्ण. मूळ किंमत १,८९९ रुपये, आता फक्त १,१४९! तब्बल ४०% बचत! शिवाय ४ पणत्या मोफत. डिलिव्हरी वेगळी. फोटो प्रातिनिधिक.»

यात धडधडीत खोटं वाक्य शोधायला गेलं तर चटकन सापडत नाही. विकणारीही काही लबाड बाई नसते. मागच्या वर्षी शेजारणीने जे लिहिलं ते तिने उचललं, त्यात आपले आकडे घातले, उद्गारचिन्हं वाढवली. तरीही हा मजकूर वाचून पेटी मागवणाऱ्याचा हिरमोड होणार हे नक्की, कारण त्याच्या डोक्यात तयार झालेली पेटी आणि दारात आलेली पेटी वेगळी असणार.

असा मजकूर सुधारायला बसताना शब्दांपासून सुरुवात केली की काम फसतं. ‘मनमोहक’ काढून ‘सुबक’ घालण्यात दुपार जाते. एक भरलेली पेटी टेबलावर उघडी ठेवावी, शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा, विकणारीचं सुट्या पदार्थांचं दरपत्रक आणि अलीकडची चार बिलं घ्यावीत. मग मजकुरातला एकेक शब्द वाचून पेटीत त्याची वस्तू दाखवता येते का ते बघावं. जी दाखवता येत नाही तिच्यावर पेन्सिलीची खूण.

पहिली खूण ‘१२ वस्तूं’वर पडते. पेटीतून एकेक बाहेर काढू: चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, करंज्या. हे सहा झाले. उटण्याची पुडी सात, पणत्या आठ, वातींचं पाकीट नऊ. पेटी रिकामी झाली. मग दहावी, अकरावी, बारावी कुठली? दहावी म्हणजे शुभेच्छापत्र, अकरावी म्हणजे खाली अंथरलेला रंगीत कागदाचा चुरा, आणि बारावी वस्तू म्हणजे ज्यातून या अकरा काढल्या ती पेटी. काही जण याहून पुढे जाऊन चार पणत्या चार धरतात आणि आकडा पंधरावर नेतात. वस्तूंची संख्या हा मुळात मोजमापाचा आकडाच नाही. लाडू आणि वातींचं पाकीट दोन्ही ‘एक’ धरले की त्या बेरजेला काही अर्थ उरत नाही. म्हणून बारा काढून नऊ लिहिण्यापेक्षा ‘फराळाचे सहा पदार्थ, सोबत उटणं, पणत्या आणि वाती’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला पेटी डोळ्यांपुढे दिसते.

दुसरी खूण वजनावर. पेटी काट्यावर ठेवली तर २ किलो ३०० ग्रॅम भरते, म्हणजे ‘२ किलोंहून जास्त’ हे खरं. पण त्यात चार मातीच्या पणत्या, सहा प्लॅस्टिकच्या बरण्या आणि जाड पुठ्ठा आहे. फराळ शोधणारा माणूस ‘२ किलो’ हे फराळाचंच वजन समजणार. पदार्थ वेगवेगळे तोलले की चकली २५०, चिवडा २५०, शेव २००, शंकरपाळी २५० ग्रॅम. सहा लाडू मिळून २४० आणि सहा करंज्या २१० ग्रॅम. एकूण १ किलो ४०० ग्रॅम. बांधीव मालाविषयीचे जे २०११ चे वैधमापन नियम आहेत, तेही निव्वळ वजनच मागतात, म्हणजे वेष्टण सोडून आतल्या मालाचं. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून विकल्या, तरी आत काय आणि किती हे सांगावं लागतंच.

लाडू-करंज्यांचं काय करायचं, हा प्रश्न इथे येतो, कारण हातानं वळलेला लाडू कधी ३८ ग्रॅमचा होतो, कधी ४३ चा. सरासरी लिहिली तर निम्म्या पेट्यांत ती भरणार नाही. दहा-बारा लाडू तोलून सगळ्यात हलका जो येईल त्याच्या हिशेबाने ‘६ नग, किमान २२५ ग्रॅम’ असं लिहिणं बरं. जास्त गेलं तर तक्रार करायला कुणी येत नाही.

चिवड्याच्या बरणीपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात. फोटोत सहा सारख्या बरण्या ओळीत असतात आणि सारखी बरणी म्हणजे सारखा माल असं डोळा धरून चालतो. पण पातळ पोह्यांचा चिवडा हलका. शंकरपाळीची जी बरणी ४०० ग्रॅम घेते, तिच्यात चिवडा जेमतेम २५० ग्रॅम मावतो, आणि तोही भरताना काठोकाठ असला तरी कात्रजहून खराडीला पोहोचेपर्यंत बोटभर खाली बसतो. शंकरपाळीचं उलट: २५० ग्रॅम टाकली की बरणी अर्धी-पाऊण भरून थांबते. उघडणाऱ्याला दोन्हीकडे रिकामी जागा दिसते आणि तो म्हणतो, कमी भरलंय. दोष मालाचा नसतो, वर्णनात ग्रॅम नसल्याचा असतो. प्रत्येक पदार्थापुढे वजन लिहिलं आणि एक ओळ जोडली, ‘बरण्या एकाच मापाच्या आहेत, वजन वेगळं असल्यामुळे काही पूर्ण भरलेल्या दिसणार नाहीत’, की तो फोन येत नाही. खरं तर बरण्याच दोन मापांच्या घ्याव्यात. रविवार पेठेत बोहरी आळीत हव्या त्या मापाच्या मिळतात. पण त्या फोटोत नीट ओळीत दिसत नाहीत म्हणून कुणी घेत नाही.

फोटोचा विषय निघालाच आहे तर ‘फोटो प्रातिनिधिक’ या दोन शब्दांनी काहीच सांगून होत नाही. पितळी ताट, झेंडूची फुलं, मागची पैठणी यातलं पेटीत काही नाही, हे फोटोच्या लगेच खाली एका वाक्यात लिहावं: ‘ताट, फुलं आणि कापड सजावटीसाठी; पेटीत येत नाहीत.’ त्याच्या जोडीला वरून काढलेला, फक्त पेटीतल्या नऊ वस्तूंचा एक साधा फोटो द्यावा. पेटीची लांबी-रुंदीही लिहावी. पुण्यात बऱ्याच पेट्या दुचाकीवरून जातात, आणि ३८ सेंटिमीटर लांबीचा खोका पायापाशी राहतो की मांडीवर घ्यावा लागतो हे घेणाऱ्याला आधी कळलेलं बरं.

आता ‘साजूक तुपातला शाही घरगुती फराळ’. या पाच शब्दांत तीन दावे आहेत आणि तिन्ही अख्ख्या फराळाला चिकटवलेले. विचारलं तर कळतं की लाडू साजूक तुपातले, शंकरपाळीला मोहन तुपाचं पण तळण तेलात, चकली-शेव-चिवडा अर्थातच तेलात. शेव बाहेरून किलोवर आणलेली, कारण घरी तेवढी काढायला वेळ नसतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग ‘साजूक तुपातले’ हे विशेषण लाडवांपुढे जायला हवं आणि ‘घरी केलेले’ पाच पदार्थांपुढे, शेवेपुढे नाही. ‘शाही’ला कुठेच जागा मिळत नाही. त्याच्या जागी चिवड्यात शेंगदाणे आहेत, लाडवांत काजू आहेत, हे लिहिलं तर ज्याला त्यांची अ‍ॅलर्जी आहे तो सावध होतो.

तारखेचंही तसंच. ‘ताजा फराळ’ म्हटलं तरी चकली पेटी बांधण्याच्या सहा दिवस आधी तळलेली असू शकते. म्हणून तारीख पदार्थ केल्याची लिहायची, पेटी बांधल्याची नाही. आणि पेटीला एकच मुदत द्यायची असेल तर ती सगळ्यात आधी उतरणाऱ्या पदार्थाची, इथे करंजीची. सारणातलं खोबरं खवट व्हायला लागलं की चकली कितीही कुरकुरीत असली तरी पेटी शिळीच म्हटली जाते.

आता किंमत, म्हणजे या मजकुराचं खरं दुखणं.

दरपत्रक काढलं. सुटी चकली १६० रुपये, चिवडा ११०, शेव ९०, शंकरपाळी १२०, लाडू २००, करंज्या १८०. फराळ ८६० रुपये झाला. उटणं ६०, रंगवलेल्या चार पणत्या ६०, वाती २०. एकूण बरोबर १,००० रुपये. पेटीची किंमत १,१४९. म्हणजे बचत ४० टक्के तर सोडाच, बचतच नाही. पेटी घेणारा १४९ रुपये जास्त देतो.

मग १,८९९ आले कुठून? वर कागदावर मांडलेलं असतं: वस्तू १,०००, पेटी ३५०, शुभेच्छापत्र ९९, सजावट २५०, घरपोच २००. बेरीज चुकलेली नाही, पण तिच्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या तऱ्हेने पोकळ आहे. पेटी ३५० ला ही बाई कुणाला विकत नाही, शुभेच्छापत्रही नाही. ‘सजावट’ म्हणजे तो कागदाचा चुरा. आणि घरपोचचे २०० या बेरजेत धरलेत, तर खाली ‘डिलिव्हरी वेगळी’ म्हणून पुण्यात आणखी १०० घेतले जातात. एकच गोष्ट बचत दाखवताना पेटीत आहे आणि बिल करताना पेटीबाहेर. त्यावर ३९.४९ टक्क्यांचे ४० केले. बचतीचा टक्का पूर्णांकात आणायचाच असेल तर तो खाली उतरवावा, वर चढवू नये.

‘मूळ किंमत’ लिहायची परवानगी कधी, याची एक सोपी कसोटी आहे: त्या किमतीला विकल्याचं बिल दाखवता आलं पाहिजे. अख्खी पेटी १,८९९ ला कुणी कधी घेतली असेल तर ती मूळ किंमत. घेतली नसेल तर तुलना फक्त सुट्या वस्तूंशी, त्याच दुकानाच्या, त्याच आठवड्याच्या, त्याच वजनाच्या भावाशी. पेटीवर एमआरपी म्हणून १,८९९ छापल्याने काही बदलत नाही. एमआरपी ही सर्व करांसहित जास्तीत जास्त किंमत, तिच्या वर विकता येत नाही इतकाच तिचा अर्थ. ती कुणी मोजली होती असं त्यातून निघत नाही. जी वस्तू विकणारी सुटी विकतच नाही, तिची ती आणते तीच किंमत धरायची, मनातली नाही.

इथे विकणारीसमोर दोन वाटा असतात. एक, बचतीची ओळ काढून टाकायची आणि १४९ रुपये कशाचे ते सांगायचं: कडक पुठ्ठ्याची पेटी, करंज्या फुटू नयेत म्हणून खणांचा साचा, शुभेच्छापत्र, बांधणी. दुसरी, साधा खोका वापरून पेटी खरोखरच स्वस्त करायची, समजा ९४९ ला, आणि मग ‘सुटं घेण्यापेक्षा ५१ रुपये कमी’ असं रुपयांत लिहायचं. ‘५% बचत’ म्हणण्यात काही चुकीचं नाही, पण वाचणाऱ्याला भागाकार का करायला लावायचा?

पहिल्या वाटेवर हमखास येणारा आक्षेप असा की, असं लिहिलं तर सगळे सुटंच घेतील. घरी खायला घेणारे घेतीलच, आणि त्यांना पेटी विकण्यात हशीलही नाही. ते पुढच्या वर्षी येत नाहीत. ज्याला सासुरवाडीला किंवा साहेबांकडे न्यायचंय त्याला प्लॅस्टिकच्या सहा पिशव्या हातात घेऊन जायचं नसतं. तो १४९ रुपये खुशीने देतो, फक्त ते बचतीच्या नावाखाली काढले जाऊ नयेत.

‘४ पणत्या मोफत’ हे तर सरळ खोडायचं. पणत्या पेटीच्या किमतीत मोजलेल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हे स्पष्ट आहे: संचाच्या किमतीत धरलेली वस्तू मोफत म्हणून सांगता येत नाही. एक चाचणी करून बघता येते. गिऱ्हाईक म्हणालं, ‘पणत्या नकोत, किती कमी कराल?’ आणि उत्तर ‘साठ रुपये’ असं आलं, तर त्या मोफत नव्हत्या.

घरपोचचे पैसे शेवटच्या पानावर उगवू नयेत. एखादी किंमत आधी दाखवायची आणि पैसे भरताना तीत भर घालत जायचं, या प्रकाराला नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या नियमावलीत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटलं आहे. इथे भर फक्त १०० रुपयांची आहे, तरी ती किमतीच्याच ओळीत बसते: १,१४९ अधिक घरपोच १००, हातात येईपर्यंत १,२४९.

जीएसटी भरणाऱ्या व्यवसायाने पेटीत काय घालायचं हे ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट बघायला हवी. डबाबंद पदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, शीतपेय आणि फळांचे रस एकाच किमतीला एका पेटीत विकले तर तो ‘मिक्स्ड सप्लाय’, हे उदाहरण २०१७ च्या जीएसटी कायद्यातच दिलेलं आहे. अशा वेळी आतल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या पेटीला लागतो. शोभेसाठी टाकलेली शीतपेयाची एक बाटली मिठाईचा करही वर ओढते. एरवी खरी असलेली बचत कधी कधी याच वाटेने गळून जाते आणि विकणारीला ती हिशेब करताना कळते.

राहिला ‘प्रत्येक प्रसंगासाठी परिपूर्ण’. पेटीतलं उटणंच सांगतं की हे खरं नाही. उटणं लागतं नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला. पेटी भाऊबिजेला पोहोचली तर ती पुडी पुढच्या वर्षापर्यंत न्हाणीघरातल्या फळीवर पडून राहणार. तेव्हा ही पेटी दिवाळीची आहे आणि नरक चतुर्दशीच्या आधी पोहोचली तरच पूर्ण आहे, हे तारीख घालून लिहावं. भाऊबिजेसाठी हवी असेल तर उटणं काढून त्याच्या जागी निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी असं औक्षणाचं साहित्य घालावं आणि तिचं वर्णन, तिची बेरीज वेगळी करावी. नुसता ‘भाऊबीज स्पेशल’चा कागद चिकटवणं हा प्रसंगाचा फक्त मुखवटा. लग्न आणि गृहप्रवेश तर सरळ काढायचे. चकली-चिवडा घेऊन कुणी वास्तुशांतीला जात नाही असं नाही, पण त्यासाठी पणत्या आणि ‘शुभ दीपावली’ छापलेली पेटी कशाला?

एक प्रसंग मात्र कुणी लिहीत नाही आणि त्याची गरज खरी असते. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असतं तिथे बऱ्याच ठिकाणी दिवाळीचा फराळ करत नाहीत. शेजारी-नातेवाईक नेऊन देतात. त्यांना फराळ हवा असतो, पणत्या आणि सोनेरी शुभेच्छापत्र नको असतं. ‘पणत्या, वाती, उटणं आणि शुभेच्छापत्राशिवाय, साध्या खोक्यात फक्त फराळ: ८६० रुपये’ ही एक ओळ खाली असली की विचारायची पंचाईत होत नाही.

या सगळ्या खुणा उतरवल्यावर मजकूर असा होतो.

«दिवाळी फराळ पेटी. फराळाचे सहा पदार्थ, एकूण किमान १ किलो ३८० ग्रॅम. सोबत उटणं, पणत्या आणि वाती.
घरी केलेले: भाजणीची चकली २५० ग्रॅम, पातळ पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम (शेंगदाणे आहेत), शंकरपाळी २५० ग्रॅम, साजूक तुपातले बेसन लाडू ६ नग, किमान २२५ ग्रॅम (काजू आहेत), सुक्या खोबऱ्याच्या करंज्या ६ नग, किमान २०५ ग्रॅम. बाहेरून घेतलेली: तिखट शेव २०० ग्रॅम. उटणं ५० ग्रॅम, रंगवलेल्या मातीच्या पणत्या ४, वातींचं १ पाकीट.
किंमत १,१४९ रुपये, सर्व करांसहित. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घरपोच १०० रुपये, एकूण १,२४९. याच वस्तू आमच्याकडे सुट्या १,००० रुपयांना मिळतात. वरचे १४९ रुपये भेटीची पेटी, शुभेच्छापत्र आणि बांधणीचे.
नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवसापर्यंत पोहोचवतो. पदार्थ केल्याची तारीख प्रत्येक बरणीवर. एखादा पदार्थ संपला तर आधी फोन करून विचारू, परस्पर बदलणार नाही.
फक्त फराळ, साध्या खोक्यात: ८६० रुपये.»

पहिल्यापेक्षा लांब झाला, हे खरं. फोनवर वरच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, म्हणून पदार्थ आणि वजन पहिल्या ओळीत ठेवलं आहे. किंमतही तिथे मावली तर उत्तम. उद्गारचिन्ह एकही उरलं नाही, ते ठरवून काढलेलं नव्हतं.

मजकूर बदलला तरी काम संपत नाही, कारण ग्रुपांवर मजकुरापेक्षा चित्र जास्त फिरतं. ‘४०% बचत, ४ पणत्या मोफत’ असं ठळक अक्षरांत छापलेलं मागच्या महिन्याचं चित्र एव्हाना दहा सोसायट्यांत पोहोचलेलं असतं आणि खालचा नवा मजकूर पुढे ढकलताना गळून पडतो. त्यामुळे नव्या चित्रावर किंमत, टक्के आणि ‘मोफत’ काहीच छापायचं नाही; पेटीचं नाव, वर्ष आणि ‘फराळ १ किलो ३८० ग्रॅम’ पुरे. जुनं चित्र दाखवून कुणी ४० टक्के मागितलेच, तर ते चित्र आपणच सोडलेलं होतं हे लक्षात ठेवून फोनवर बोलावं.